पहिला दिवस सोडा, शेवटचा धरा

मराठी माणूस दिवस मोजायला बसला की पहिला दिवस कधी सोडत नाही. मूल जन्मलं तो पहिला दिवस धरून बाराव्या दिवशी बारसं. माणूस गेला तो पहिला दिवस धरून दहावा आणि तेरावा. गणपती चतुर्थीला बसतो, दुसऱ्या दिवशी हौदाकडे निघतो आणि त्याला आपण दीड दिवस म्हणतो; बसला किती वाजता आणि उठला किती वाजता, हे कुणी विचारत नाही. पिढ्यान्‌पिढ्या असं मोजत आलेल्या माणसाच्या हातात १९६३ चा मुदतीचा कायदा पडतो. त्याचं कलम १२ सुरुवातीलाच सांगतं की ज्या दिवसापासून मुदत मोजायची, तो दिवस मोजायचाच नाही.

ऐकायला हे सोपं आहे. पहिला सोडा, शेवटचा धरा. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड कायद्यातही हाच नियम आहे. पण वाकडमध्ये राहून चाकणला वर्कशॉप चालवणाऱ्या कुणाही व्हेंडरला विचारा. त्याची अडचण पहिला दिवस सोडायचा की धरायचा ही नसते. पहिला दिवस कोणता, इथंच गाडी अडते.

समजा, असाच एक व्हेंडर आहे. राहायला वाकडच्या बाराव्या मजल्यावर, सकाळी साडेसातला गाडी काढून नाशिक फाटा, भोसरी, मोशी करत चाकण. एका मोठ्या कारखान्याच्या सप्लायरला त्यानं ब्रॅकेट पुरवले. बिल चार लाखांचं, अठरा टक्के जीएसटी धरून ४,७२,००० रुपये. जीएसटी त्यानं वेळेवर भरला, कारण सरकार थांबत नाही. पेमेंट मात्र आलं नाही. २०२५ च्या एप्रिल अखेरीस तो फाईल घेऊन वकीलबाईंकडे जातो आणि खुर्चीत बसता बसता म्हणतो, "मॅडम, तीन वर्षं नुकतीच होऊन गेलीत. काही करता येईल?"

"कधीपासून तीन वर्षं?" मॅडम विचारतात.

"बिलापासून."

"कोणत्या कागदापासून ते विचारतेय."

फाईलमध्ये कागद भरपूर असतात. टॅक्स इन्व्हॉइस १२ मार्च २०२२ चं, शनिवारचं. डिलिव्हरी चलनावर सप्लायरच्या गेटचा शिक्का १४ मार्चचा, सोमवारचा. क्वालिटीनं माल तपासून स्टोअरनं जीआरएन काढलं ते १७ मार्चला, कारण मधले तीन दिवस इन्स्पेक्टर रजेवर होता. आणि पीओच्या मागच्या बाजूला, चष्मा लावूनही दिसणार नाही अशा अक्षरात, पेमेंटची अट आहे: माल पोचल्यापासून ६० दिवस.

आता मुदतीच्या कायद्याचं परिशिष्ट उघडायचं. त्यात शंभरावर नोंदी आहेत आणि प्रत्येकीपुढे दोन गोष्टी दिलेल्या आहेत: मुदत किती आणि ती सुरू कधी होते. विकलेल्या मालाच्या किमतीसाठी नोंद १४ आणि १५ शेजारी शेजारी उभ्या आहेत. दोन्हीकडे मुदत तीनच वर्षं. उधारीचा काळ ठरलेला नसेल तर नोंद १४, आणि मुदत माल पोचल्याच्या तारखेपासून. उधारीचा काळ ठरलेला असेल तर नोंद १५, आणि मुदत तो काळ संपल्यापासून. बिलाची तारीख दोन्हीकडे नाही. ज्या तारखेवर आपला व्हेंडर तीन वर्षं विसंबून होता, ती परिशिष्टाच्या या भागात फिरकतसुद्धा नाही.

पीओवर ती बारीक अक्षरातली ओळ नसती तर काय झालं असतं? माल १४ मार्च २०२२ ला पोचला. तो दिवस सोडला तर तीन वर्षं १४ मार्च २०२५ ला संपतात. त्या शुक्रवारी धुळवड होती. न्यायालय बंद, पक्षकार रंगलेला आणि वकील गावाला. एप्रिलच्या अखेरीला आलेल्या व्हेंडरला मॅडमनी पाणी दिलं असतं आणि घरी पाठवलं असतं. म्हणजे चार लाख बहात्तर हजार रुपये एका ओळीवर टिकून आहेत, आणि ती ओळ त्यानं आजवर वाचलेलीच नाही.

ओळ आहे, म्हणून हिशेब पुढे सरकतो. साठ दिवस माल पोचल्यापासून. इथंही पहिला दिवस सोडायचा. १५ मार्चपासून महिनाअखेर १७ दिवस, एप्रिलचे ३०, झाले ४७. राहिलेले १३ मे महिन्यातले. उधारी संपली १३ मे २०२२ ला, शुक्रवारी. व्हेंडरचा अकाउंटंट मात्र जीआरएनपासून मोजतो, कारण समोरची कंपनी फोनवर नेहमी तसंच सांगते. त्याचं उत्तर येतं १६ मे. बिलापासून मोजणाऱ्याचं उत्तर ११ मे. एकच माल, एकच पैसे, आणि तीन माणसांच्या तीन तारखा. व्हेंडरला अर्थातच १६ आवडते. मॅडम १३ च्या पुढे जायला तयार नसतात. 'पोचल्यापासून' असं पीओच म्हणत असेल तर पोचल्याचा पुरावा गेटचा शिक्का आहे, स्टोअरची सवड नव्हे.

तर १३ मे २०२२ सोडायचा, १४ पासून तीन वर्षं मोजायची, आणि शेवटचा दिवस १३ मे २०२५, मंगळवार.

इथं अकाउंटंट हात वर करतो. त्याचं म्हणणं बिनतोड दिसतं. "मॅडम, १३ तारखेला रात्री बारापर्यंत त्यांना पैसे भरायची मुभा होती. म्हणजे थकबाकी झाली १४ ला. मग सोडायचा तो १४. शेवटचा दिवस १४ मे २०२५."

या एका दिवसासाठी जगात मोठमोठी माणसं भांडलेली आहेत. इंग्लंडमध्ये ८ नोव्हेंबर १९५४ ला दुपारी दीडच्या सुमारास एका कामगाराला कारखान्यात अपघात झाला. नुकसानभरपाईची मुदत तीन वर्षांची. दावा दाखल झाला ८ नोव्हेंबर १९५७ ला. मालकाच्या वकिलानं सांगितलं की तीन वर्षं ७ तारखेलाच संपली. न्यायालयानं ऐकलं नाही. अपघाताचा दिवस अर्धामुर्धा वापरून झालेला असतो, तो मोजायचा नाही, दावा मुदतीत. मॅरेन विरुद्ध डॉसन बेंटली या नावानं हा निकाल वकिलांच्या तोंडी बसला.

मग एखादी गोष्ट दुपारी दीडला न घडता बरोबर मध्यरात्री घडली तर? हा प्रश्न ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापुढे २०२१ मध्ये आला, मॅथ्यू विरुद्ध सेडमन या खटल्यात. एका ट्रस्टच्या वतीनं २ जून २०११ ला मध्यरात्रीपर्यंत एक मागणी दाखल करायची होती. विश्वस्तांनी ती केली नाही. त्यांच्यावर दावा लावायला सहा वर्षं होती, आणि दावा लागला ५ जून २०१७ ला, सोमवारी. ३ जून २०११ सोडला तर मुदत ३ जून २०१७ ला संपते. तो शनिवार, म्हणून सोमवार चालतो. ३ जून धरला तर मुदत शुक्रवारी २ जूनलाच संपली. न्यायालय म्हणालं, मध्यरात्रीच्या ठोक्यानंतर उगवलेला ३ जून हा अख्खा, न उष्टावलेला दिवस होता. तो सोडायचं कारण नाही. दावा गेला. आपल्या अकाउंटंटची चूक इंग्लंडातल्या चांगल्या पगाराच्या सॉलिसिटरांनीही केली होती, हे ऐकून त्याला जरा बरं वाटतं.

पण मॅडम त्याला पुरतं हरवतही नाहीत, कारण आपल्या सर्वोच्च न्यायालयानं चेकच्या प्रकरणात नेमकं उलट केलेलं आहे. चेक परतल्यावर नोटीस द्यायची, ती मिळाल्यापासून समोरच्याला १५ दिवस, आणि तरीही पैसे आले नाहीत तर महिन्याच्या आत फौजदारी तक्रार. साकेत इंडियाच्या खटल्यात नोटीस २९ सप्टेंबर १९९५ ला मिळाली होती. तो दिवस सोडून पंधरा दिवस १४ ऑक्टोबरला संपले. तक्रारीचं कारण १५ ऑक्टोबरला जन्मलं. तक्रार दाखल झाली १५ नोव्हेंबरला. १५ ऑक्टोबर हाही अख्खा, कोरा दिवस. तरी सर्वोच्च न्यायालयानं १९९९ मध्ये तो सोडला आणि तक्रार मुदतीत धरली. त्याच वर्षी दुसऱ्या एका निकालानं वेगळा सूर लावला, आणि तो पेच २०१३ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठानं इकॉन अँट्रीच्या खटल्यात साकेतच्या बाजूनं सोडवला. एका दिवसाला चौदा वर्षं लागली.

"म्हणजे १४ मे चालेल?" व्हेंडरच्या चेहऱ्यावर उजेड पडतो.

"चालेलही. चेकच्या कायद्यातले शब्द वेगळे, आपल्या नोंदीतले वेगळे. आपली नोंद 'उधारी संपली तेव्हापासून' असं म्हणते, आणि ती १३ ला संपली," मॅडम सांगतात. "तुम्हाला पैसे हवेत, की लॉ रिपोर्टात नाव छापून हवंय?"

व्हेंडरला पैसे हवे असतात. शेवटचा दिवस १३ मे ठरतो.

इतकी कंजुषी करायचं कारण आहे. मुदत उलटली तर समोरच्यानं हरकत घ्यायलाच हवी असं नाही. कलम ३ प्रमाणे न्यायालयानं स्वतःहून दावा फेटाळायचा असतो, प्रतिवादी झोपलेला असला तरी. आणि 'आजारी होतो', 'गावी लग्न होतं', 'फाईल सापडत नव्हती' ही सगळी कारणं ज्या कलम ५ खाली सांगायची असतात, ते कलम अपील आणि अर्जांसाठी आहे. मूळ दाव्याला ते लागू नाही. अपीलवाला उशीर माफ करून घेऊ शकतो. दावेवाल्याला दारातूनच परत जावं लागतं.

शेवटच्या दिवसाची मात्र एक सवलत आहे, आणि ती देणारं कलम ४ मोठ्या मनाचं आहे. मुदत संपते त्या दिवशी न्यायालय बंद असेल तर ज्या दिवशी ते उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. नेहमीच्या वेळेतला काही भाग जरी न्यायालय बंद राहिलं तरी तो दिवस बंदच धरायचा, असं स्पष्टीकरणही दिलेलं आहे. पण सवलत फक्त उघडण्याच्या दिवसापुरती आहे. मे महिन्याच्या सुट्टीनंतर न्यायालय उघडलं आणि त्या दिवशी गर्दी पाहून 'उद्या येऊ' म्हणून परतलेला माणूस सुट्टीचे सगळे आठवडे गमावून बसतो.

या कलमाची गंमत पाहायची तर सणाची उधारी पाहावी. समजा, २०२२ च्या पावसाळ्यात कुणी वाकडच्या हार्डवेअरच्या दुकानातून 'दसऱ्यापर्यंत' म्हणून उधारीवर माल नेला. त्या वर्षी दसरा ५ ऑक्टोबरला होता. आता तीन वर्षं कशी मोजायची? दुकानदाराचे वडील म्हणतील, तिसऱ्या दसऱ्यापर्यंत; तो आला २ ऑक्टोबर २०२५ ला, गांधी जयंतीच्या सुट्टीत. पण वर्ष म्हणजे इंग्रजी कॅलेंडरचं वर्ष, हे सर्वसाधारण वाक्खंड कायद्यानं ठरवून टाकलंय, आणि मुदतीच्या कायद्याचं कलम २४ म्हणतं की दस्तऐवजांतले काळही याच कॅलेंडरनं वाचायचे. १९०८ च्या जुन्या कायद्यात तर यासाठी खास उदाहरण छापलेलं होतं: एका हिंदू गृहस्थानं फक्त देशी तिथी घालून चार महिन्यांच्या मुदतीची प्रॉमिसरी नोट लिहून दिली, तरी ते चार महिने इंग्रजी कॅलेंडरचेच. अधिक महिना सावकाराला पावत नाही आणि ऋणकोलाही नाही. तर दसऱ्याची मुदत ५ ऑक्टोबर २०२५ ला संपली. तो रविवार. म्हणून दावा सोमवारी, ६ तारखेला लावला तरी चालला असता. पंचांग २ म्हणतं, कॅलेंडर ५, आणि न्यायालयाचं दार ६.

आपल्या व्हेंडरला मात्र ही दारं इतक्या सरळ उघडत नाहीत. दोन व्यापाऱ्यांमधला तीन लाख किंवा त्याहून मोठ्या रकमेचा असा वाद हा व्यापारी वाद ठरतो, आणि तातडीचा आदेश मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीला जावंच लागतं. तसं केलं नाही तर दावा दारातच नाकारायचा, हे सर्वोच्च न्यायालयानं १७ ऑगस्ट २०२२ ला ठरवलं. तो खटला आपल्याच भागातल्या कंपनीचा, पाटील ऑटोमेशन विरुद्ध राखेजा इंजिनिअर्स. पुण्याच्या पाटील ऑटोमेशनवर हरियाणातल्या फरिदाबादला वसुलीचा दावा लागला होता, आणि मध्यस्थीची पायरी गाळल्याची हरकत पाटलांनी दिल्लीपर्यंत नेली. नियम २० ऑगस्ट २०२२ पासून कडक झाला.

म्हणून १३ मे ला दावा लावायचा बेत करून १२ मे ला वकिलाकडे जाणाऱ्या व्हेंडरची मोठी पंचाईत होते. त्याला आधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज द्यावा लागतो. सुदैवानं मध्यस्थीत गेलेला काळ मुदतीत मोजत नाहीत. घड्याळ थांबतं. पण थांबलेलं घड्याळ मागे फिरत नाही, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

आपला व्हेंडर १ मे ला अर्ज द्यायला निघतो आणि महाराष्ट्र दिनाची सुट्टी आठवून परततो. अर्ज जातो २ मे ला, शुक्रवारी. त्या दिवशी मुदतीचे किती दिवस शिल्लक होते? २ ते १३ मे, दोन्ही टोकं धरून बारा. प्राधिकरण समोरच्या कंपनीला नोटीस पाठवतं. कंपनी येत नाही. पुन्हा नोटीस. पुन्हा कुणी नाही. समजा २० जूनला अहवाल मिळतो की मध्यस्थी सुरूच झाली नाही. व्हेंडर खूश होतो. आता पुन्हा तीन वर्षं मिळाली असं त्याला वाटतं. त्याच्या हातात असतात तेच बारा दिवस, २१ जूनपासून. म्हणजे २ जुलै. आणि अर्ज दिला तो २ मे चा दिवस मध्यस्थीत गेला की मुदतीत, असा वाद कुणी काढलाच तर अकरा, म्हणजे १ जुलै. मॅडम डायरीत ३० जून लिहितात आणि खाली दोन रेघा ओढतात.

टोकं धरायची की सोडायची हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयालाही चुकलेला नाही. कोविडमध्ये न्यायालयानं देशभरातली मुदतीची घड्याळं थांबवली, १५ मार्च २०२० पासून २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंत. दोन्ही टोकं धरली तर हे ७१६ दिवस होतात, एक सोडलं तर ७१५, आणि दोन्ही आकडे वापरणारे वकील भेटतात. मुंबईच्या ॲप्टेक कंपनीविरुद्ध काबूलच्या आरिफ अझीम कंपनीनं लवाद मागितला, त्या प्रकरणात हे गणित १ मार्च २०२४ च्या निकालात पायरी पायरीनं मांडलेलं आहे. पीठावर सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड होते. त्यांचं मूळ गाव कन्हेरसर चाकणच्याच खेड तालुक्यातलं. निकाल लिहिला न्यायमूर्ती जमशेद पारडीवाला यांनी.

२८ मार्च २०१८ ला ॲप्टेकचा नकार स्पष्ट झाला होता. तिथून तीन वर्षं. एरवी मुदत २७ मार्च २०२१ ला संपली असती, असं निकालात आहे. कलम १२ तोंडपाठ असलेला एखादा अकाउंटंट इथं भुवया उंचावून २८ म्हणेल. पुढे, १५ मार्च २०२० ला एक वर्ष आणि तेरा दिवस शिल्लक होते. ते १ मार्च २०२२ पासून पुन्हा सुरू झाले आणि १३ मार्च २०२३ ला संपले. काबूलवाल्यांची लवादाची नोटीस नोव्हेंबर २०२२ मध्येच पोचलेली होती. तीन महिन्यांहून जास्त काळ हातात असल्यावर एका दिवसानं कुणाचं काही बिघडलं नाही, आणि त्या दिवसावरून कुणी भांडलंही नाही.

या निकालात व्हेंडर लोकांसाठी एक झोंबरी गोष्ट आहे. नकार मिळाल्यावर पाठवत बसलेल्या पत्रांनी आणि वाटाघाटींनी मुदत लांबत नाही. चाकण पट्ट्यात तर 'रिमाइंडर मेल' हा एक स्वतंत्र गृहउद्योग आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला अकाउंटंट तोच मेल वरची तारीख बदलून पाठवतो, आणि दर मेलगणिक मुदत नव्यानं सुरू झाली असं मालकाला वाटतं. वकिलाची लाल शाईत अधोरेखित नोटीससुद्धा घड्याळाचा काटा हलवत नाही. आपण मागत राहिलो त्यानं काही होत नाही. समोरच्यानं कबूल करावं लागतं.

कबुलीचं कलम १८. मुदत संपण्याआधी समोरच्यानं लेखी आणि सहीनिशी देणं मान्य केलं, की सही केल्याच्या तारखेपासून तीन वर्षं पुन्हा नव्यानं. हे कलम मनुष्यस्वभाव ओळखून लिहिलंय. कबुलीत रक्कम नेमकी नसली तरी चालते. 'देणं आहे, पण अजून वेळ झालेली नाही' म्हटलं तरी चालते. 'देणं आहे, पण देणार नाही' अशी तुसडी कबुलीसुद्धा चालते. एवढी उदारता असूनही व्हेंडरच्या फाईलमध्ये कबुली सापडत नाही, कारण परचेसचा माणूस इतकी वर्षं फोनवरच 'करतो हो' म्हणत आलेला असतो. लेखी म्हणून काय आहे, तर व्हॉट्सॲपवर हात जोडलेली एक आकृती. तिच्यावर सही कुणाची आणि ती नेमकं काय कबूल करते, यावर मॅडमना मत द्यायचं नसतं.

खरं तर दर ३१ मार्चला ऑडिटरच्या सांगण्यावरून दोन्हीकडचे अकाउंटंट बॅलन्स कन्फर्मेशनची पत्रं एकमेकांना पाठवतात. अधिकार असलेल्या माणसाची सही आणि शिक्का घेऊन ते परत आलं, तर कलम १८ ची कबुली म्हणून तोच कागद उभा करता येतो. आपल्या व्हेंडरनं २०२३ मध्ये पाठवलेलं पत्र समोरून परत आलं नाही, आणि त्यानं पाठपुरावा केला नाही, कारण त्याला ते ऑडिटरचं लचांड वाटलं. त्या सहीनं त्याला २०२६ पर्यंत सवड दिली असती.

मुदत उलटल्यावर घेतलेली कबुली कलम १८ ला चालत नाही, भले ती दुसऱ्या दिवशीची का असेना. तेव्हा करार कायद्याचं कलम २५ उपयोगी पडतं: मुदतबाह्य देणं फेडण्याचं लेखी, सहीचं वचन हा नवा करार धरला जातो. पण तिथं नुसतं 'देणं आहे' पुरत नाही, 'देईन' असं लिहून द्यावं लागतं. मुदत संपल्याचं कळलेला प्रतिवादी असं लिहून देईल, ही आशा फारशी कुणी धरत नाही.

हे सगळं ऐकल्यावर अकाउंटंट ऑफिसात येऊन सगळी थकीत बिलं एक्सेलमध्ये चढवतो. आधी उधारी संपल्याच्या तारखेपुढे `=A2+1095` टाकतो, कारण तीनशे पासष्ट गुणिले तीन. पहिल्याच ओळीत उत्तर येतं १२ मे २०२५. एक दिवस गेला कुठे? २०२४ च्या २९ फेब्रुवारीनं खाल्ला. चूक सुरक्षित बाजूला असली तरी चूक ती चूक, म्हणून तो `=EDATE(A2,36)` टाकतो आणि १३ मे मिळवतो. मग खाली ओढत जातो आणि दोन बिलांपाशी थांबतो. एकाची उधारी २८ फेब्रुवारी २०२४ ला संपली, दुसऱ्याची २९ ला. दोघांपुढे उत्तर एकच, २८ फेब्रुवारी २०२७. २०२७ ला २९ फेब्रुवारीच नाही. दुसऱ्या बिलाची तीन वर्षं १ मार्च २०२४ पासून मोजली की २८ लाच भरतात. दोन वेगळ्या दिवशी सुरू झालेल्या मुदती एकाच दिवशी संपतात, आणि त्यात कुणाचीही चूक नाही.

तो फोन करून मॅडमना विचारतो. मॅडम कॅलेंडर पाहतात. २८ फेब्रुवारी २०२७ रविवार. कलम ४ प्रमाणे सोमवार, १ मार्च चालेल. पण त्याआधी मध्यस्थीचा अर्ज हवा, त्याला सुट्टीची सवलत मिळेलच असं धरून चालायचं नाही. म्हणून शुक्रवार, २६ फेब्रुवारी, कारण २७ हा चौथा शनिवार. मग त्यांना व्हेंडरचा स्वभाव आठवतो आणि त्या सांगतात, "एक महिना आधीच ठेवा. लिहा २६ जानेवारी."

"त्या दिवशी झेंडावंदन असतं, मॅडम," अकाउंटंट म्हणतो.

"मग २५ लिहा."